अहवाल मागा, आणि लेखी मागा

"आपल्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली असून योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. गोपनीयतेच्या कारणास्तव अहवाल देता येणार नाही."

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉश कायद्याखाली तक्रार केलेल्या बायकांच्या हातात शेवटी असा दोन ओळींचा मेल पडतो. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यामुळे हा मेल टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. त्यातलं दुसरं वाक्य सरळसरळ चूक आहे.

2013 च्या कायद्याचं कलम 13 काढून बघा. चौकशी संपल्यावर 10 दिवसांत समितीने आपल्या निष्कर्षांचा अहवाल मालकाला द्यायचा आणि तो संबंधित पक्षांनाही उपलब्ध करून द्यायचा. म्हणजे तक्रार करणारीला आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्यालाही. गोपनीयता आहे कलम 16 मध्ये, आणि ती जनता, वृत्तपत्रं, माध्यमं यांच्यापासून. ज्या दोघांची चौकशी झाली त्यांच्यापासूनच अहवाल लपवा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. एचआरवाले हे कलम ढालीसारखं पुढे करतात, कारण समोरच्याने ते वाचलेलं नसतं.

यात खरी गोम तारखेची आहे. अपील करायला कलम 18 प्रमाणे 90 दिवस मिळतात, पण ते मोजायचे समितीच्या शिफारशींपासून. अहवाल तुमच्या हातात कधी पडला, याचा उल्लेख त्या कलमात नाही. माझ्या ओळखीतल्या एकीचं उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तारखा बदलल्यात. समितीचा अहवाल 4 मार्चचा. म्हणजे मुदत 2 जूनपर्यंत. कारवाई करायला मालकाला 60 दिवस असतात, म्हणून कंपनी म्हणाली, "कारवाई झाली की कळवू." तो दोन ओळींचा मेल आला 28 एप्रिलला. 55 दिवस गेले, उरले 35, आणि हिला निष्कर्ष काय तेही माहीत नाही! अपील कशाविरुद्ध करायचं?

तिने फोनवर विचारलं होतं. फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, बघतो." फोनचा पुरावा नसतो. मग आम्ही पत्र लिहिलं. मालकाच्या नावाने, कारण अहवाल त्यांच्याकडे असतो, आणि प्रत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांना. मजकूर एवढाच:

"माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवरील चौकशी पूर्ण झाल्याचे मला 28 एप्रिलच्या मेलने कळले. कलम 13(1) नुसार चौकशी अहवालाची, त्यातील निष्कर्ष, कारणे व शिफारशींसह, संपूर्ण प्रत मिळावी. अहवालाची तारीख लेखी कळवावी. कलम 18 खालील अपिलाची मुदत चालू असल्याने प्रत सात दिवसांत द्यावी. या पत्राची पोच द्यावी."

अन्याय, मनस्ताप, कोण कसं वागलं, यातलं काहीही त्यात नाही. तो राग खराच आहे, पण त्याची जागा अपिलात. इथे लिहिलात तर उत्तर रागाला मिळतं आणि मागणी बाजूला पडते. "कारणे" हा शब्द मात्र गाळू नका. नाहीतर "आरोप सिद्ध होत नाही" एवढं एक पान हातात ठेवतात. "ऑफिसात येऊन वाचून जा, फोटो काढायचा नाही" असंही सुचवतात. वाचून या, पण प्रतीची मागणी सोडू नका. साक्षीदारांची नावं झाकली तर माझ्या मते हरकत नसावी, निष्कर्ष झाकले तर आहे.

आता ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं. इथे काहीजण मला शिव्या घालतील, पण पत्र लिहिण्याचा हक्क त्यालाही तितकाच आहे. शिक्षा ठरवण्याआधी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायलाच हवी, त्याने मागितली नसली तरी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1993 मध्ये करुणाकर प्रकरणात सांगितलं. आस्थापना सरकारी असो की खासगी. मात्र प्रत दिली नाही म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे आपलं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं. म्हणून त्यानेही लेखी मागून ठेवावं. दोघंही नोकरीत असतील तर निष्कर्षांची प्रत देऊन त्यावर समितीसमोर म्हणणं मांडू द्यायचं, हे कलम 11 मध्येच आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच.

आणि अहवाल मिळाला की इथे फेसबुकवर टाकू नका. कलम 16 तुम्हालाही लागू आहे. वकिलाला दाखवा, अपिलाला जोडा.

आमच्या त्या बाईला प्रत मिळाली. दोन साक्षीदारांचे जबाब अहवालात नोंदवलेले होते आणि निष्कर्षात त्यांच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. अपिलाचा पहिला मुद्दा तोच झाला, आणि अपील मुदतीत दाखल झालं.