चाळिशीत सरकारी खुर्ची: इच्छुकांसाठी काही मौलिक सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. पंधरा वर्षं हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत घालवून, रात्री अमेरिकेची कॉल आणि पहाटे राज्यघटना असं करत करत तुम्ही लोकसेवा आयोगाची परीक्षा काढलीत. जाहिरात आली तेव्हा तुम्ही ३७ वर्षांचे होतात. खुल्या प्रवर्गाला ३८ची मर्यादा, त्यामुळे अगदी शेवटच्या लोकलला लटकलात म्हणायचं. मग पूर्व, मुख्य, निकाल, निकालाविरुद्ध कोणीतरी मॅट या प्रशासकीय न्यायाधिकरणात, शिफारस, कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी. हे सगळं होऊन नियुक्ती आदेश हातात पडला तेव्हा तुम्ही चाळीस. पद सहायक कक्ष अधिकारी, ठिकाण मंत्रालय, मुंबई ३२.

पहिली सूचना: राजीनामा देण्यापूर्वी दोन कागद शेजारी ठेवून वाचा. कंपनीच्या करारात नव्वद दिवसांची नोटीस असते आणि नियुक्ती आदेशात रुजू व्हायला बहुधा त्याच्या निम्मीही मुदत नसते. मधले दिवस तुम्ही कंपनीला पैसे भरून विकत घ्यायचे. लोकसेवेची ही पहिली किंमत, तिची पावती मिळत नाही. आणखी एक, छोटे कुटुंब प्रतिज्ञापत्र. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर बाकीचं काही वाचायची गरज नाही, कंपनीतच रहा. बावीस वर्षांच्या मुलांना हा नियम पाठ असतो पण लागत नाही. तुमच्या वयात नेमका तोच लागतो.

आता पगार. सासरच्या मंडळींना सांगायला 'सातवा वेतन आयोग' हे तीन शब्द पुरेसे आहेत, पण घरी बायकोला आकडे लागतील. वेतनस्तर एस-१४, मूळ वेतन ३८,६००. त्यावर जानेवारी २०२५मध्ये लागू झालेल्या ५५ टक्के दराने महागाई भत्ता २१,२३०. महागाई भत्त्याने पन्नाशी ओलांडल्यामुळे मुंबईत घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ११,५८०. किरकोळ भत्ते सोडले तर बेरीज ७१,४१०. यातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे दहा टक्के, म्हणजे ५,९८३ आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात साधारण ६५ हजार. तुम्ही समजा १,४०,००० घरी आणत होतात, तर अर्ध्याहून कमी. हिंजवडीच्या फ्लॅटचा हप्ता मात्र तोच राहील. तो तुमच्या लोकसेवेने भारावून कमी होणार नाही. आणि हो, पहिला पगार पगारबिलांच्या सेवार्थ प्रणालीत तुमचं नाव चढल्यावर, निवृत्तिवेतन खात्याचा प्राण क्रमांक आल्यावर होईल. दोन-तीन महिन्यांचं किराणा आधी भरून ठेवा.

इथे तुम्ही हमखास एक प्रश्न विचाराल, तो विचारू नका: "माझ्या पंधरा वर्षांच्या अनुभवाचं काय?" आस्थापना शाखेतले भाऊसाहेब चष्मा वर करून पाहतील. आधी सरकारी सेवा असती आणि रीतसर परवानगी घेऊन, तांत्रिक राजीनामा देऊन आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं. खासगी सेवेला वेतननिश्चितीत जागा नाही. तुम्ही साठ माणसांचा चमू चालवलात काय किंवा कालच पदवी घेतलीत काय, सुरुवात ३८,६००पासूनच. पहिली वेतनवाढ तीन टक्के, म्हणजे ३९,८००. बाराशे रुपये वाढले. आणि ती वाढ मिळवण्यासाठी कोणाला स्वतःच्या कर्तबगारीची पानभर यादी द्यावी लागत नाही, हेही लक्षात घ्या.

ज्येष्ठतेचं गणित मात्र एकदा शांतपणे करा, कारण ते जाहिरातीत नसतं. ज्येष्ठता लागते निवड यादीतल्या क्रमाने, वयाने नव्हे. तुमच्या वर लागलेली तेवीस वर्षांची मुलगी तुमची ज्येष्ठ. ती तुम्हाला 'सर' म्हणेल, पण पदोन्नतीच्या यादीत तुमच्या आधी उभी असेल. निवृत्तीचं वय ५८. तिच्यापुढे पस्तीस वर्षं आहेत, तुमच्यापुढे अठरा. पदोन्नती रखडली तर दिलासा म्हणून आश्वासित प्रगती योजना आहे: दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी. तुम्हाला पहिला लाभ पन्नासाव्या वर्षी. दुसरा साठाव्या वर्षी, म्हणजे निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर. तिसरा सत्तराव्या वर्षी. योजना आश्वासितच आहे, फक्त आश्वासन कोणाला ते नीट वाचायचं.

असो. रुजू झालात. पहिल्या आठवड्यात तुम्हाला सुधारणा सुचतील. दाबून ठेवा. विशेषतः 'एवढं साधं तर आहे' हे वाक्य मनातही आणू नका. समजा एका जिल्ह्यातून मार्गदर्शन मागणारं पत्र आलं. कर्मचाऱ्याच्या अमुक रजेच्या काळात अमुक भत्ता देय आहे का? तुम्ही नियम काढलात, उत्तर स्पष्ट आहे, जुन्या सवयीने अर्ध्या तासात ई-मेलचा मसुदा तयार. कक्ष अधिकारी विचारतील, "टिप्पणी कुठंय?" मग तुम्ही टिप्पणी लिहाल: प्रकरणाची पार्श्वभूमी, प्रचलित तरतूद, यापूर्वी अशा प्रकरणात काय केलं, प्रस्ताव. ती अवर सचिवांकडे जाईल, तिथून उपसचिवांकडे. उपसचिव लिहितील, "वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत." वित्त विभाग एक प्रश्न विचारून नस्ती, म्हणजे फाईल, परत पाठवेल. त्या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्याकडे आहे, म्हणून जिल्ह्याला पत्र. जिल्ह्याचं उत्तर येईना, म्हणून स्मरणपत्र.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना. आहे. २००५च्या बदल्यांच्या कायद्यातच लिहिलंय की कोणतीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. कायदा काटेकोर पाळला जातो. नस्ती कोणाकडेच सात दिवसांपेक्षा जास्त राहत नाही, सहाव्या दिवशी एक शेरा घेऊन ती पुढच्याकडे जाते. खरा शहाणा कर्मचारी शेरा असा मारतो की उत्तर तिसऱ्याच विभागाला द्यावं लागेल. ही कला शिकायला वर्षभर लागतं, प्रशिक्षणात ती नसते.

पण थांबा, इथे माझा उपरोध जरा अडखळतो. कंपनीत तुमचं चुकीचं ई-मेल एका ग्राहकापुरतं असायचं, दुसऱ्या दिवशी माफी मागून मिटायचं. इथे त्या एका जिल्ह्याला दिलेलं उत्तर उद्या छत्तीस जिल्ह्यांत फिरतं. ज्याला भत्ता मिळाला नाही तो मॅटमध्ये जातो आणि तुमच्या पत्राची प्रत जोडतो: "नाशिकला दिला, मला का नाही?" पाच वर्षांनी महालेखापालांचे लेखापरीक्षक येऊन विचारतात, हे कोणत्या आदेशाने दिलं? तेव्हा तुम्ही नसता, नस्ती असते. वित्त विभागाचा तो कंटाळवाणा प्रश्न कधीकधी याचसाठी असतो. कधीकधी. नेहमी नाही, आणि फरक कसा ओळखायचा तेही सांगतो: प्रश्न रकमेबद्दल किंवा नियमाच्या क्रमांकाबद्दल असेल तर कोणीतरी वाचलंय. 'तपासून फेरसादर करावे' एवढंच असेल तर कोणीही वाचलेलं नाही.

दहा ते सहाच्या नोकरीचं स्वप्न पाहून आला असाल तर वेळ ९.४५ ते ६.१५ आहे आणि फेब्रुवारी २०२०च्या अखेरीपासून शनिवार-रविवार सुट्टी. हे सुख खरं आहे. फक्त डिसेंबर सोडून, कारण हिवाळी अधिवेशनाला मंत्रालय नागपूरला जातं. तारांकित प्रश्नाचं उत्तर, लक्षवेधीची माहिती, आणि रात्री दीड वाजता क्षेत्रीय कार्यालयाला फोन की आकडा सकाळी आठपर्यंत पाहिजे. अमेरिकेच्या रात्रीच्या कॉलची आठवण येईल. तिथे निदान कॅबने घरी सोडायचे.

छंदांचंही बघा. रोजच्या रोज शेअर घेऊन विकायचे, ते बंद. वर्तणूक नियम १९७९चे आहेत, पण सट्टा तेव्हाही सट्टाच होता. मेव्हण्याच्या व्यवसायात 'फक्त नावापुरते' भागीदार असाल तर नाव काढा. सरकारी धोरणावर सोसायटीच्या गटात जे लिहायचात, ते आता शेजारी लिहितील आणि तुम्ही उत्तर न देता वाचायचं.

मग मिळतं काय? आदर मिळतो, विशेषतः ज्यांना पगाराची पावती दाखवली नाही त्यांच्याकडून. बँकेचा व्यवस्थापक उठून बसायला सांगतो आणि मग पावती पाहून पूर्वीच्या निम्म्या कर्जाला पात्र ठरवतो. वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते. गुरुवारी बोलावून शुक्रवारी लॅपटॉप जमा करून घेणारं मनुष्यबळ खातं इथे नाही. परिविक्षा काळ पार पडला की अनुच्छेद ३११ तुमच्या मागे उभा राहतो: बडतर्फ करायचं तर चौकशी, दोषारोपपत्र, म्हणणं मांडायची संधी. हे संरक्षण आळशालाही मिळतं, अशी तुमची जुनी तक्रार असेल. बरोबर आहे. पण ते आणखी एकाला मिळतं. वरून फोन आला की अमुक प्रकरणात सकारात्मक टिप्पणी टाका, तेव्हा जो कनिष्ठ माणूस नियम उद्धृत करून 'प्रस्ताव मान्य करता येणार नाही' असं लिहितो आणि खाली सही करतो, त्याला. वरचे अधिकारी त्याचं मत बाजूला सारू शकतात. पण त्यासाठी त्यांना त्याच पानावर, त्याच्या सहीखाली, कारण लिहून स्वतःची सही करावी लागते. बहुतेकदा ते करत नाहीत आणि फोन विसरला जातो. पंधरा वर्षांत कोणत्या कंपनीत तुम्ही साहेबाला लेखी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसला होतात, आठवून पहा.

तेव्हा या. ओळखपत्राचे फोटो जास्त काढून आणा, नामनिर्देशनाचे सगळे अर्ज पहिल्याच दिवशी सेवापुस्तकात लावून घ्या. आणि एखाद वर्षाने तुमच्या टेबलावर एक अर्ज येईल. नव्याने लागलेला, एकेचाळीस वर्षांचा, खासगी कंपनीतून आलेला माणूस विनंती करतोय की त्याची आधीची सतरा वर्षं वेतननिश्चितीसाठी धरावीत. दोनदा वाचाल, चहा मागवाल, आणि लिहाल: "प्रचलित नियमांत अशी तरतूद दिसून येत नाही. सबब विनंती अमान्य करणे उचित होईल. आदेशार्थ सादर."