टक्केवारी: उलट जाताना पाया बदलतो

“संख्या 25 टक्के वाढून 600 झाली असेल, तर 600 मधून 25 टक्के वजा केले की मूळ संख्या मिळते.”

नाही मिळत. असे केल्यास उत्तर 450 येते. पण 450 मध्ये त्याचे 25 टक्के, म्हणजे 112.5, मिळवले तर 562.5 च होतात. वाढ मूळ संख्येवर झाली होती, 600 वर नव्हे. मूळ संख्या 100 भाग धरली तर 600 हे 125 भाग.

मूळ संख्या = 600 × 100 ÷ 125 = 480

वाढ 120 ची. ती 480 च्या 25 टक्के आहे, पण 600 च्या 20 टक्केच! वर्गात दोन उत्तरे येतात ती इथेच. म्हणून सरावपत्रिकेत आकडेमोडीआधी ‘कशाचे टक्के?’ हा रकाना मी आग्रहाने भरून घेते, आणि शेवटी उत्तरावरून पुन्हा 600 येतात का, तेही तपासायला लावते.