चमचा तो चमचाच की

तीस रुपये गेल्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते सोलापूरच्या नवी पेठेत भर दुपारी, बारा माणसांदेखत, डोक्यातलं हेल्मेट न काढलेल्या एका गृहस्थाने मला चमचा म्हणजे काय ते शिकवलं याचं.

झालं असं, की शेजारच्या वहिनींची मुलगी बाळाला घेऊन ओसाकाहून आठवड्याभरात यायची आहे. दुधाच्या पावडरचा डबा ती तिकडूनच आणणार. आजीला आधीच सवय व्हावी म्हणून तिने डब्याच्या पाठीचे फोटो पाठवले आणि जपानी मजकुराचा अर्थ खाली मराठीत लिहिला. औषधाच्या दुकानात माझी हयात गेलेली, म्हणून स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. मी ती हाताने लिहिली आणि झेरॉक्सच्या दुकानात टाईप करून लॅमिनेशनला दिली.

डबा गोल असतो, फोटो सपाट असतो आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. तक्त्याची डावी बाजू एका फोटोत, उजवी दुसऱ्या फोटोत, आणि दोन्ही ठिकाणी कडेचे आकडे वळणावर दबलेले. वरून फ्लॅश नेमका तापमानाच्या आकड्यावर चमकलेला. डबा थोडा थोडा फिरवत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक रकाना पुन्हा येईल असे चार फोटो काढले की काम होतं. शिवाय चमच्याचं वजन सांगणारी बारीक ओळ घ्यायलाच हवी. तेवढीच ओळ लोक सोडतात. या मुलीने ती घेतली होती, शहाणी आहे. एका चमच्यात २.७ ग्रॅम.

आता मूळ मजकूर ऐका, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्यावरच आहे. सपाट एक चमचा म्हणजे तयार दूध २० मिली. ८० मिलीला ४ चमचे, १४० ला ७, २०० ला १०. आधी बाटलीत पावडर. मग उकळून ७० अंश किंवा त्याहून गरम असलेलं पाणी, तयार दुधाच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत. झाकण लावून हलक्या हाताने गोल फिरवायचं. मग तेच गरम पाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून बरोब्बर खुणेपर्यंत आणायचं. शेवटी बाटली गार पाण्यात धरून दूध अंगाइतकं कोमट करायचं. सपाट चमच्याला तिकडे ‘सुरिकिरी’ म्हणतात, म्हणजे वरचा ढीग काढून टाकलेला. आपल्याकडे पायली-मापटं शीग लावून मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, म्हणून मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘शीग नको’. दुकानातल्या पोराने ते ‘शिंग नको’ असं टाईप केलं. हे मी सोडून दिलं. बाळाच्या दुधात शिंग नकोच आहे.

पण १४० चं १८० झालं होतं. माझा मराठी चार त्याला इंग्रजी आठ वाटला. आणि कागद तोपर्यंत लॅमिनेट होऊन, गरमागरम, पापडासारखा माझ्या हातात आला होता.

चूक सापडायला काही विद्वत्ता लागत नाही. या डब्याच्या तक्त्यात मिलीला वीसने भागलं की चमचे येतात, प्रत्येक ओळीत. १८० ला नऊ यायला हवेत, समोर लिहिलेत सात. सात चमचे म्हणजे १८.९ ग्रॅम आणि १८० मिलीला लागतात २४.३. दूध पाचव्या हिश्श्याहून जास्त पातळ. बाळ पोटभर पिणार आणि उपाशी राहणार. वजन वाढत नाही, आणि घरचे म्हणतात, पितंय तर भरपूर! फार पातळ दूध फार दिवस गेलं तर अंगातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. हे मी पोराला सांगत होतो. तो म्हणाला, “दोनच चमच्याचा फरक हाय की काका. मार्करनं करून देऊ काय?”

आणि हेल्मेट वळलं.

“काय भानगड हाय?” त्यांच्या हातात उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स होती, पण चेहरा असा की कोर्टाने यांना पंच म्हणून पाठवलंय. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला, वास घेतल्यासारखं केलं.

“वीसला एक चमचा? चुकीचं हाय. तीसला एक असतंय.”

“या डब्याचा वीसला एक आहे.”

“अवो, चमचा तो चमचाच की! जपानात काय वेगळा असतोय काय?”

असतोय. हेच तर त्यांना सांगायचं होतं. तीसला एक असा जो चमचा आपल्याकडे किंवा इंग्लंड-जर्मनीत मिळतो, त्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर मावते. अमेरिकेतल्या बऱ्याच डब्यांचा चमचा ६० मिलीला एक, म्हणजे जवळजवळ दुप्पट मोठा. सगळ्यांचं दूध शेवटी सारखंच दाट होतं, १०० मिली तयार दुधात तेरा-साडेतेरा ग्रॅम. फरक फक्त मापाचा. म्हणून एका डब्याचा चमचा दुसऱ्यात घातला की संपलं. जपानी चमच्याने ‘तीसला एक’ केलं तर दूध सुमारे एक तृतीयांश पातळ. उलट आपला मोठा चमचा घेऊन ‘वीसला एक’ केलं तर दीडपटीहून जास्त दाट. दाट दुधाने अंगात क्षार साठतात, बाळाला तहान लागते, ते रडतं. रडतंय म्हणजे भूक लागली असं समजून आजी पुन्हा तेच दूध पाजते.

हेल्मेटवाल्या काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, अंगठ्याला थुंकी लावली (मोबाईलला!) आणि एक फोटो माझ्या नाकासमोर धरला.

“हे बघा. आमची पोरगी जर्मनीत हाय. हा तिकडचा डबा. ९० पाणी, ३ चमचे. झालं का तीसला एक? आणि खाली बघा, ४० ते ५० डिग्री. तुम्ही ७० लिवलाय. लेकराचं तोंड भाजतंय!”

फोटो खरा होता. मजकूरही खरा होता. मी सोलापुरात उभा राहून जर्मनीशी भांडणार नव्हतो. पण त्यांनी फोटो अर्धाच वाचला होता. त्याच ओळीत पुढे होतं, तयार दूध १०० मिली. म्हणजे तिकडे पाणी मोजून त्यात पावडर टाकायची, आणि पावडर आपली जागा घेते म्हणून ९० चं १०० होतं. जपानी डब्यावरचा आकडा पाण्याचा नाहीच, तयार दुधाचा आहे. जपानी तक्ता बघून कुणी २०० मिली पाणी ओतून वर १० चमचे टाकले, तर बाटलीत २२० च्या आसपास भरतं आणि दूध दहाव्या हिश्श्याने पातळ होतं. लहान फरक आहे, पण रोज, प्रत्येक बाटलीत.

आणि ७० अंश हे पाजायचं तापमान नव्हे, कालवायचं. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू निघतो, साल्मोनेलाही निघू शकतो, आणि अगदी लहान बाळाला तो जिवावर बेततो. पाणी उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, पावडरीतल्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पावडरीवर पडताना पाणी ७० च्या खाली नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली हेच सांगितलं, जपान आणि इंग्लंड तेच पाळतात. जर्मन डबे ४० ते ५० सांगतात आणि दूध त्या वेळेपुरतं करून लगेच पाजायला लावतात. दोन घराणी आहेत, गवयांसारखी.

“मग असं करा की,” काका म्हणाले, “७० आणि ४० ची सरासरी घ्या. ५५. मध्यम मार्ग!”

मागे रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. मी हरत होतो.

खरं तर मला वैताग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. हा डबा ज्या देशात लिहिला गेला, तिथे स्वयंपाकघरातला विजेचा पॉट बटण दाबलं की पाणी ७० अंशावर धरून ठेवतो. आमच्या वहिनींकडे पातेलं आहे. वाटीभर पाणी पातेल्यात उकळून ठेवलं तर फोन घेऊन येईपर्यंत ते ७० च्या खाली गेलेलं असतं. त्यावर इंग्लंडची युक्ती बरी. निदान एक लिटर ताजं पाणी उकळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. एवढं पाणी तेवढ्या वेळात ७० च्या वर राहतं. हे मी कागदावर घातलं. पण पुढची पायरी, ‘वाहत्या पाण्याखाली गार करा’, ती कशी घालू? वाहतं पाणी! आमच्याकडे नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, आणि मे महिन्यात टाकीतलं पाणी असं येतं की त्यात बाटली गार व्हायची सोडून गरम राहते. मी लिहिलं, माठाचं पाणी भांड्यात घेऊन बाटली त्यात उभी धरा, पाणी बुचाच्या खाली राहू द्या, मग मनगटावर थेंब टाकून बघा. आणि तयार दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या, उष्टं तर लगेच. ‘खोलीच्या तापमानाला’ हा शब्द मी मुद्दाम गाळला. सोलापूरची खोली कुठल्याच डब्याने पाहिलेली नाही.

पोराने १४० दुरुस्त केलं. मी प्रत्येक ओळ वीसने भागून पाहिली, काका खांद्यावरून बघत होते. नवा कागद मशीनमधून बाहेर आला तसे ते पोराला म्हणाले, “एक कॉपी मला बी काढ रे. व्यवस्थित लिवलंय. पोरीला धाडतो जर्मनीला.”

म्हणजे साडेचार ग्रॅमचा चमचा आणि माझा वीसला एक. मी कागद हिसकावून घेतला. अक्षरशः हिसकावला, बायका बघत होत्या. पोराला सांगितलं, सगळ्यात वर ठळक टाक, ‘फक्त याच डब्यासाठी, याच डब्यातल्या चमच्याने’.

“टाकतो की,” तो म्हणाला. “पण लॅमिनेशन परत करावं लागंल काका. तीस रुपये.”