तोक्योतला लाल गोल

"काका, लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं, हे जगभर एकच आहे ना? मग ॲपवर रंग असताना मजकूर कशाला?" असं पुण्याच्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर विचारलं.

सिग्नलपुरतं बरोबर आहे, इथेही लाल दिव्याला थांबतात. पण तेवढ्यावरून साऱ्या जगाचा नियम काढला की मला राग येतो. जगासाठी ॲप करणाऱ्याने तरी असं म्हणू नये.

तोक्योला आलो त्या वर्षी ब्रोकरचं ॲप उघडलं, तर सगळा पडदा लाल. मी घाबरून शेअर विकायला निघालो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने थांबवलं. इथे भाव चढला की लाल, उतरला की हिरवा किंवा निळा. चीन आणि तैवानमध्येही चढ लाल असतो. "रंग बघू नकोस, आकड्याआधीचं चिन्ह बघ," तो म्हणाला. चिन्हानेही मी फसलो. इथल्या कंपन्यांच्या हिशेबात ▲ म्हणजे उणे. नफ्याच्या रकान्यात ▲१२० दिसलं आणि मी खूश झालो, तो तोटा होता.

खरं दुखलं ते मुलीच्या वहीवरून. पहिलीतली गणिताची वही, पानभर लाल गोल. आपल्याकडे बाई चुकीच्या उत्तराभोवती गोल करतात, म्हणून मी तिला रागावलो. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं बरोबर आहे." इथे बरोबर उत्तराला गोल, आणि चुकीच्याला बरोबरची खूण, आपली ✓. त्याच संध्याकाळी मी तिच्या मराठी शुद्धलेखनावर कौतुकाने प्रत्येक ओळीला ✓ केली होती. ती रडली. मला वाटलं, तिला मराठी नकोशी झाली.

ही खूण इथे सगळीकडेच चुकीची असते असंही नाही. अर्जातल्या चौकटीत ती निवडीसाठी चालते. पण रेल्वेगाडीतल्या जागांची स्थिती गोल, त्रिकोण आणि फुलीतच दाखवतात: ○ भरपूर, △ थोड्या, × संपल्या. त्यामुळे पुतण्याला एवढंच लिहिलं: खुणेशेजारी शब्द ठेव, आणि चढउताराचा रंग वापरणाऱ्याला बदलता येऊ दे. सहकारी म्हणतो, सेटिंग कोणी उघडत नाही, देशागणिक रंग आधीच लावून द्यावेत. पण मग माझ्यासारख्याचा देश कोणता धरायचा?

आता मी मुलीच्या मराठी वहीवर गोल करतो. व्हिडिओ कॉलवर आईने ते पान पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, एवढ्या चुका?" मी समजावून सांगितलं. फोन ठेवून मुंबईतल्या माझ्या शेअरचं ॲप उघडलं. आकडा हिरवा होता, आणि क्षणभर मला वाटलं, पडला.