पाच ओळींत सांग

काल संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी सरांचा फॉरवर्ड आला. वर एवढंच: "सहाला बोर्डिंग. पाच ओळींत सांग." खाली 42 मेल. विषय: हॅपी दिवाली.

खोक्यांच्या सप्लायरकडे जुलैत तक्रार करायची होती. नवा मेल लिहायचा कंटाळा आला म्हणून कुणीतरी त्याच्या गेल्या वर्षीच्या शुभेच्छांवरच रिप्लाय दाबला होता. तेव्हापासून "1,200 खोकी भिजून लगदा झाली" या मजकुराच्या डोक्यावर पणती तेवते आहे.

अशी माळ खालून वर वाचावी लागते. वरून वाचली तर आधी निकाल, मग मारामारी, मग कारण आणि शेवटी दिवाळी. त्यात प्रत्येक मेलखाली लँडलाईन नंबर, गोपनीयतेची धमकी आणि "कागद वाचवा" म्हणणारं हिरवं झाड. 42 झाडं तोडली, "नोटेड" आणि "प्लीज डू द नीडफुल" काढून टाकले, तेव्हा कामाचे मेल उरले 11.

सगळ्यात वरचा मेल खरेदीच्या साहेबांचा, 2 ऑगस्टचा. एकच शब्द: अप्रूव्ह्ड. त्याच्या आधी सप्लायर दरवाढीबद्दल कुरकुरत होता, म्हणून मी "दरवाढ मंजूर" असं टाईपही केलं. मग त्या शब्दाच्या लगेच खाली काय चिकटलंय ते पाहिलं. तिथे 1 ऑगस्टचा प्रश्न होता, "डेबिट नोट काढू का?" साहेबांनी मंजूर केली होती ती वसुली, दराला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

मग तो दर कुठे होता? सप्लायर 31 जुलैला लिहितो, "कालच्या मेलमधल्या दराप्रमाणे." माळेत 30 जुलैचा मेलच नाही! म्हणजे फांदी फुटली होती. दोघांनी दोन वेगळ्या मेलना उत्तरं दिली की माळेच्या दोन माळा होतात, आणि फॉरवर्ड करणाऱ्याबरोबर त्यातली एकच येते. दुसरी सापडली स्टोअर्समधल्या काकांकडे.

काका निवृत्तीला आलेले. मेलचा प्रिंट काढून वाचतात, त्या झाडासकट.

"काका, 30 तारखेचा मेल फॉरवर्ड करा ना. पटकन."

"कशाला?"

"सरांना पाच ओळींत सारांश द्यायचाय."

काकांनी चष्मा वर केला. "त्यात मी कितव्या ओळीत आहे?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या नावावर या प्रकरणात दोन मेल होते. पहिला "नोटेड". दुसरा "नोटेड विथ थँक्स".

"काका, फक्त निर्णयाचं लिहायचंय."

"खोकी ओली आहेत हे पहिल्यांदा हात लावून कुणी पाहिलं?"

"तुम्ही."

"मग? हात माझा ओला आणि सारांश कोरडा?"

घड्याळात 5 वाजून 31 मिनिटं. मी म्हटलं, टाकतो नाव. काका म्हणाले, "नाव नको, हुद्दा टाक. आणि सीसीमध्ये ठेव." मग चहा मागवला. माझ्यासाठीही मागवला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यानंतर एका बोटाने फॉरवर्डचं बटण शोधायला निघाले. आमच्या आजीला सुईत दोरा ओवायला इतका वेळ लागत नसे.

मेल मिळाला आणि सप्लायरचा डाव कळला. भिजलेली खोकी तो परत घेणार, पण दर 41 वरून 44.50 केला तरच. 1,200 खोक्यांचे होतात 49,200 रुपये. आपण महिन्याला घेतो 8,000 खोकी, म्हणजे दरमहा 28,000 जादा. दोन महिन्यांच्या आत आपलीच भरपाई आपल्याच खिशातून.

5 वाजून 52 मिनिटांनी पाठवलं:

"1. तुम्ही ठरवायचं: दर 44.50 मान्य का? मुदत शुक्रवार.
2. मान्य केल्यास 49,200 ची खोकी परत, पण खर्च दरमहा 28,000 ने वाढणार.
3. डेबिट नोट 2 ऑगस्टला मंजूर. दर मंजूर नाही.
4. सप्लायर म्हणतो खोकी भिजली ट्रकवाल्याच्या फाटक्या ताडपत्रीमुळे. लेखी पुरावा कुणाकडेच नाही.
5. खोकी प्रथम तपासली: स्टोअर्स."

पाचव्या ओळीत खरं तर माझं मत असणार होतं, की दर देऊ नये. ती जागा काकांच्या ओल्या हाताला गेली.

सरांचं उत्तर आलं उतरल्यावर, रात्री साडेनऊला, सगळ्यांना सीसी करून: "गुड. तुझं मत काय?"

त्यावर सकाळपर्यंत चार मेल आलेत. तिघं लिहितात "तुमच्या सारांशाप्रमाणे", जणू ताडपत्री मीच फाडली. सप्लायरशी बोलायचंही आता माझ्याच गळ्यात. विषय अजून हॅपी दिवालीच.

चौथा मेल काकांचा. नोटेड विथ थँक्स.