आत्याबाईंना कशाला त्रास?

दादरचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट मनात भरलाय ना? मग उगाच कागद चिवडत बसू नका. विकणारा नातू सज्जन आहे, चहाबरोबर बाकरवडी देतो आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव आहे. अजून काय हवं?

फार तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्या. तो स्वच्छच येईल. येणारच! सर्चमध्ये नोंदणी झालेले दस्त दिसतात, आणि माणूस मेला की दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू हा नोंदणीचा उतारा निघत नाही. या घरात तर दोन पिढ्यांत नुसते मृत्यूच झालेत, दस्त एकही नाही.

आजोबांनी स्वकमाईतून 1974 मध्ये फ्लॅट घेतला, 1991 मध्ये ते गेले. मागे आजी, दोन मुलगे, एक मुलगी. मृत्युपत्र नाही. नॉमिनी थोरला, म्हणून सोसायटीने सर्टिफिकेटच्या पाठीवर त्याचं नाव चढवलं. आजी 2003 मध्ये गेली, थोरला 2016 मध्ये. त्याचा नॉमिनी हा आपला बाकरवडीवाला. कुणाचंच मृत्युपत्र नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा, असं कोर्टं म्हणतात. म्हणू देत. हिंदू वारसा कायद्याने आजोबांनंतर चौघांना पाव-पाव हिस्सा आला. आजीचा पाव तिच्या तीन मुलांत वाटला गेला, म्हणजे आता प्रत्येकाकडे फ्लॅटचा एक तृतीयांश. थोरल्याच्या तृतीयांशात त्याची बायको, मुलगी आणि हा मुलगा. तर तुमचा सज्जन नातू एक नवमांशाचा धनी. किंमत 1 कोटी 80 लाख, त्याचं त्यातलं घर 20 लाखांचं. आई आणि बहिणीनेही सह्या केल्या तरी 60 लाखांचं. उरलेले 1 कोटी 20 लाख तुम्ही काका आणि आत्याच्या वाट्यासाठी पुतण्याला देताय. केवढं मोठं मन!

“आत्याचं लग्न 1982 मध्येच झालंय, तिला काय द्यायचं?” असं नातू म्हणेल. मान डोलवा. लग्नाने मुलीचा वारसाहक्क जात नाही, हे सांगून चहाची चव घालवू नका. “काकांनी लिहून दिलंय” म्हणत तो स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे करेल. शिक्का गोल आणि जांभळा आहे, तेवढं पुरे. हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं, ही वकिलांची जुनी खोड. काका-आत्यांनी ते नोंदवून द्यावं किंवा खरेदीखतावर स्वतः विक्रेते म्हणून सह्या कराव्यात, असला हट्ट धरलात तर आत्यांना नागपूरहून यावं लागेल. या उन्हात!

वंशावळ मात्र चुकूनही मागू नका. सगळ्यांचे मृत्यूदाखले हातात घेऊन, प्रत्येक मृत्यूच्या तारखेला मागे कोण कोण हयात होतं ते कागदावर मांडलंत, की सोसायटीच्या रजिस्टरात कधीच नसलेली माणसं घरात दिसायला लागतात.

वर्तमानपत्रात हरकतीची जाहीर नोटीस द्याच. पण आत्या जे वाचत नाहीत त्या पेपरात. चौदा दिवसांत कुणी बोललं नाही म्हणजे हक्क संपला, असं एजंट सांगतो. आत्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून त्या वास्तुशांतीला न बोलावता येतात. पत्ता त्यांना पाठ असतो. लहानपण तिथेच गेलेलं.