‘टॅलीत सगळे आहे’ ही हस्तांतराची नोंद नव्हे

आज एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलो होतो. संभाजीनगरातली, जेमतेम वीस माणसांची कंपनी. तिथे नव्याने रुजू झालेली परभणीची अकाउंटंट मुलगी आधीच्या गृहस्थांची ‘हँडओव्हर नोट’ समोर ठेवून हताश बसली होती. त्या नोंदीत चार पासवर्ड होते आणि खाली एक वाक्य होते : ‘महिनाअखेर नेहमीप्रमाणे करणे, टॅलीत सगळे आहे.’ ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नोंद लागत नाही, आणि जिला लागते तिला ही नोंद उपयोगाची नाही. मला मनस्वी संताप आला.

त्यातच तिच्यासमोर लातूरकडच्या एका डाळमिलच्या मालकांचा फोन आला. “ताई, आम्ही पूर्ण पैसे भरले, तरी ४३२ रुपयांसाठी तुमचे स्मरणपत्र कसे काय येते?” ते गृहस्थ सभ्य, म्हणून इतकेच बोलले.

मग मीच तिच्याजवळ बसलो आणि तेच बिल उघडले. १ सप्टेंबरचे, वर्षभराच्या देखभालीचे बिल : १,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. डाळमिलने तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के टीडीएस कापला. तो जीएसटी वगळून कापायचा असतो, म्हणजे २,४०० व्हायला हवा होता. त्यांच्या मुनीमजींनी तो एकूण रकमेवर, म्हणजे २,८३२ कापला. बँकेत १,३८,७६८ आले. कंपनीतल्या आधीच्या गृहस्थांनी २,४०० टीडीएसच्या खात्यात टाकले आणि उरलेले ४३२ ग्राहकाच्या नावावर थकीत ठेवून दिले. खरे तर ग्राहकाने ती रक्कम आपल्या कंपनीच्या पॅनवर भरली असेल, तर तीही आपलाच जमा कर आहे. ग्राहकाने तिमाहीचे विवरणपत्र भरले की ती आयकराच्या पोर्टलवर दिसते. तोवर कापलेली पूर्ण रक्कम बिलवार टीडीएस येण्याच्या खात्यात धरावी आणि पुढच्या वेळी जीएसटी वगळून कापण्याची विनंती करावी. थकबाकीत २ टक्क्यांच्या टीडीएसचे नेमके १८ टक्के अडकलेले दिसले, की कारण हेच समजावे. एवढे एक वाक्य त्या नोंदीत असते, तर डाळमिलवाल्यांचा फोन आलाच नसता.

याच बिलात दुसरी खोच आहे, आणि नवा माणूस घाबरतो तो तिथेच. बिल सप्टेंबरचे असले, तरी सप्टेंबरचे उत्पन्न फक्त १०,००० आहे. उरलेले १,१०,००० महिनाअखेरीस जर्नल नोंदीने उत्पन्नातून काढून ‘आगाऊ बिल केलेले उत्पन्न’ या देण्याच्या खात्यात न्यायचे आणि दर महिन्याला १०,००० परत उत्पन्नात आणायचे. जीएसटी मात्र अशी थांबत नाही. ११ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या जीएसटीआर-१ मध्ये पूर्ण १,२०,००० दाखवावे लागतात. त्यामुळे विवरणपत्रातील विक्री आणि वह्यांतील उत्पन्न जुळणार नाही, ते जुळू नयेच. तो फरक समजावणारा तक्ता हवा. त्यासाठी प्रत्येक देखभाल करार, त्याची मुदत, मासिक हिस्सा आणि शिल्लक यांची एक शीट ठेवावी. तिची एकूण शिल्लक आणि खात्याची शिल्लक एक रुपयाही वेगळी आली, तर कोणते तरी बिल शीटमध्ये चढवायचे किंवा कोणती तरी जर्नल नोंद करायची राहिली आहे का, ते पाहावे.

याच्या उलट, काम झाले पण बिल झाले नाही, ती रक्कम प्रकल्पप्रमुखांकडून तासांचे तक्ते घेऊन उत्पन्नात धरायची आणि १ तारखेला ती नोंद उलटवायची. उलटवायची राहिली, तर बिल निघाल्यावर तेच उत्पन्न दोनदा दिसते.

आता थोडा शांत झालो आहे, म्हणून हेही मान्य करतो की जाणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवसापर्यंत बिलेच काढायला लावली होती; नोंद लिहायला त्याला वेळ कोणी दिला? मालकांना तसे स्पष्ट सांगितले. पण पासवर्ड लिहायला वेळ मिळतो, तर ४३२ रुपयांचे कारण लिहायलाही मिळाला असता, असे मला अजूनही वाटते.

मुलीने संध्याकाळपर्यंत डाळमिलच्या बिलाचेच उदाहरण घेऊन नवी नोंद लिहून काढली. तिच्या शेवटी मी एक ओळ घालायला लावली : जीएसटीआर-१ भरल्यानंतर सप्टेंबरच्या कोणत्याही बिलाला टॅलीत हात लावायचा नाही, रक्कम कमी करायची असेल, तर चालू महिन्यात क्रेडिट नोट काढायची आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक लिहायचा.